फीडमध्ये फक्त ऑप्शनचे भाव येतात, मग ग्रीक काढायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी नौपाड्यात एका मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जण बसतो, कोणी ऐरोलीच्या आयटी पार्कमधनं येतं, कोणी घोडबंदरवरनं ट्रॅफिक काढत, आणि सगळ्यांचं दुखणं एकच. फीड स्वस्तातलं, त्यात स्ट्राइक येतो, कॉल-पुटचे भाव येतात, नशीब असेल तर बिड-आस्क येतं, पण ग्रीक, म्हणजे भाव कशाने किती हलेल ते सांगणारा डेल्टा-थीटाचा कॉलम, काही येत नाही. तेच तेच प्रश्न दर वेळी निघतात म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. उदाहरण सगळीकडे निफ्टीच्या वीकलीचं घेतलंय आणि आकडे मी हिशोब दाखवायला घेतलेत, कुठल्या ठराविक दिवसाचे नाहीत.

मॉडेल कशाला पाहिजे? निफ्टी किती हलला आणि कॉल किती हलला, भागाकार केला की डेल्टा आला ना?

सुरुवातीला सगळ्यांनाच असं वाटतं, आणि कागदावर ते बरोबरही आहे, पण टिकवर करून बघा. निफ्टी २ पॉइंट वर गेला आणि कॉल १७०.२० वरनं १७१ झाला. आता हे ८० पैसे निफ्टी हलल्यामुळे आले, की आधीचा सौदा बिडवर झाला होता आणि नंतरचा आस्कवर झाला म्हणून आले? भावच हललेला नसताना नुसत्या स्प्रेडमुळे एलटीपी, म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव, वरखाली उडत असतो. त्यात निफ्टीची टिक आणि ऑप्शनची टिक एकाच क्षणाची असेल याची खात्री नाही. असा डेल्टा एका मिनिटाला ०.४ येतो आणि दुसऱ्या मिनिटाला ०.९. गॅमा तर विचारूच नका, फरकाचा फरक काढायचा म्हणजे त्यात नुसता कचरा उरतो.

म्हणून उलटं जायचं. बाजारातला भाव खरा मानायचा, मॉडेलला विचारायचं की बाबा किती व्होलॅटिलिटी धरली तर तू हाच भाव देशील, ती आली की तिलाच आयव्ही म्हणायचं, आणि मग त्याच मॉडेलमधनं ग्रीक काढायचे. मॉडेल इथे भाव ठरवायला नाहीये, भावाच्या आत काय दडलंय ते वाचायला आहे.

कुठलं मॉडेल घ्यायचं?

ब्लॅक ७६, म्हणजे फिशर ब्लॅकने १९७६ मध्ये मांडलेलं. १९७३ च्या ब्लॅक-शोल्सचाच हा भाऊ, फरक एवढाच की यात स्पॉट टाकत नाहीत, फॉरवर्ड टाकतात. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन आहेत, मुदतीआधी एक्सरसाइज करता येत नाहीत, त्यामुळे बायनॉमियल ट्रीच्या भानगडीत पडायची गरज नाही. एनएसईवरचे स्टॉक ऑप्शनसुद्धा २०११ पासून युरोपियनच आहेत. जुन्या पुस्तकात ते अमेरिकन लिहिलेलं सापडतं, त्याच्यावर जाऊ नका.

फॉरवर्ड म्हणजे फ्युचरचा भाव का? माझ्या फीडमध्ये तर वीकलीचा फ्युचर येतच नाही.

येणार कुठून, निफ्टीच्या वीकली एक्सपायरीचा फ्युचर नसतोच, फ्युचर मंथली असतो. पण फॉरवर्ड तुमच्याच फीडमध्ये आहे, ऑप्शनच्या भावातच. मला विचाराल तर या अख्ख्या पानावर हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, त्यामुळे जरा सावकाश बघू.

एकाच स्ट्राइकचा कॉल घेतला आणि पुट विकला तर एक्सपायरीला निफ्टी कुठेही बंद होवो, तुम्हाला निफ्टी वजा स्ट्राइक एवढंच मिळतं. म्हणजे ते फ्युचर घेतल्यासारखंच झालं. पुट-कॉल पॅरिटी म्हणतात ती हीच, आणि तिच्यात व्होलॅटिलिटी कुठे येतच नाही, हीच तिची मजा. F म्हणजे फॉरवर्ड, K स्ट्राइक, C आणि P कॉल-पुटचे भाव, r व्याज आणि T एक्सपायरीपर्यंतचा वेळ वर्षांत, सूत्र असं:

```
F = K + (C - P) * exp(r * T)
```

आता उदाहरण. मंगळवारी दुपारी साडेतीन वाजलेत, आताची वीकली संपली आणि पुढच्या मंगळवारच्या साडेतीनला बरोब्बर ७ दिवस आहेत. स्पॉट २४,९६८ दिसतोय. २५,००० चा कॉल १७०.२० बिड आणि १७१ आस्क, मधला भाव १७०.६०. पुट १६०.३० आणि १६१, मधला भाव १६०.६५. कॉलमधनं पुट वजा केला की ९.९५. व्याज ६ टक्के धरलं तरी सात दिवसांत गुणकात जेमतेम एक दशसहस्रांशाच्या दहा-बारा पट फरक पडतो, म्हणजे ९.९५ चे होतात ९.९६. फॉरवर्ड आला २५,०१०.

बघा, स्पॉट २४,९६८ आणि बाजार पुढच्या मंगळवारसाठी धरतोय २५,०१०. नुसतं ६ टक्के व्याज लावून स्पॉट पुढे नेला असता तर २४,९९७ च्या आसपास आला असता. वरचे १३ पॉइंट का आहेत? लिव्हरेजला मागणी आहे, शॉर्ट साइडला कोणी स्वस्तात उभं राहत नाही, किंवा तुमचा स्पॉट दोन सेकंद जुना आहे. कधी याच्या उलटही असतं, लाभांशाच्या मोसमात फॉरवर्ड स्पॉटच्या खालीसुद्धा येतो. कारण काहीही असो, ऑप्शनवाले ज्या आकड्यावर भाव लावतायत तो आकडा तुम्हाला मिळाला, आणि स्पॉटची वेगळी फीड लागलीच नाही.

एकाच स्ट्राइकवर विसंबू नका मात्र. एटीएमच्या, म्हणजे फॉरवर्डला सगळ्यात जवळच्या स्ट्राइकच्या, आजूबाजूच्या पाच स्ट्राइकवरनं पाच F काढा आणि मधला, म्हणजे मीडियन घ्या. चार जण २५,००८ ते २५,०११ सांगतायत आणि एक जण २५,०३१ सांगतोय, तर त्या एकाचा कुठला तरी भाव शिळा आहे हे लगेच कळतं. सरासरी घेतलीत तर तो एक बाकीच्यांनाही ओढतो.

आणि मी सरळ स्पॉटच टाकला तर काय एवढं बिघडतं?

हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो. आमच्यातल्याच एका ऐरोलीच्या मित्राने शीट बनवली होती, स्पॉट टाकलेला आणि व्याज शून्य. वरच्याच आकड्यांवर असं केलं तर २५,००० च्या कॉलची आयव्ही येते साधारण साडेतेरा टक्के आणि त्याच स्ट्राइकच्या पुटची साडेदहा. त्याला वाटलं कॉल महाग आहे, पुट स्वस्त आहे, सोनंच सापडलं. कॉल विकला, पुट घेतला.

पण एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटची आयव्ही वेगळी असूच शकत नाही, पॅरिटी ती असू देत नाही. वेगळी दिसली की समजायचं तुमचा F चुकलाय. त्याने जे केलं ते महाग विकून स्वस्त घेणं नव्हतंच, ते सरळ सिंथेटिक शॉर्ट फ्युचर होतं, डेल्टा पूर्ण उणे एक. दुसऱ्या दिवशी मार्केट ९० पॉइंट वर उघडलं आणि त्याचे एका लॉटला अख्खे ९० पॉइंट गेले, आणि त्याची शीट तेव्हाही पोझिशन फायद्याची असल्याचं दाखवत होती. त्या रात्री फोनवर अर्धा तास तो मला विचारत होता की फॉर्म्युला कुठे चुकला. फॉर्म्युला बरोबर होता, त्यात टाकलेला स्पॉट चुकीचा होता.

तर ही पहिली तपासणी: एटीएमला कॉलची आयव्ही आणि पुटची आयव्ही दशांश टक्क्यात जुळली पाहिजे. जुळत नसेल तर पुढे ग्रीक काढूच नका.

आयव्ही काढायचा कोड द्या ना, साधा.

हा घ्या. बायसेक्शन आहे, न्यूटनच्या पद्धतीपेक्षा हळू, पण लांबच्या स्ट्राइकवर न्यूटन कुठेही उडी मारतो आणि हा कधीच हरवत नाही.

```python
from math import log, sqrt, exp, erf

def N(x):
    return 0.5 * (1 + erf(x / sqrt(2)))

def call76(F, K, T, r, s):
    v = s * sqrt(T)
    d1 = log(F / K) / v + v / 2
    return exp(-r * T) * (F * N(d1) - K * N(d1 - v))

def iv(C, F, K, T, r):
    lo, hi = 0.01, 3.0
    for _ in range(60):
        m = (lo + hi) / 2
        if call76(F, K, T, r, m) < C:
            lo = m
        else:
            hi = m
    return (lo + hi) / 2
```

आपल्या आकड्यांवर, म्हणजे F २५,०१०, K २५,०००, T म्हणजे ७ भागिले ३६५, कॉल १७०.६०, याचं उत्तर १२ टक्के येतं. एक लक्षात ठेवा, उत्तर बरोब्बर ०.०१ किंवा ३.० च्या कडेला चिकटून आलं तर ते उत्तर नाहीये, कोड भिंतीला जाऊन थांबलाय. तो सेल रिकामा ठेवा, आकडा म्हणून पुढे नेऊ नका. पुटचा भाव असेल तर आधी पॅरिटीने त्याचा कॉल करून घ्या, वेगळं फंक्शन लागत नाही.

मग ग्रीक किती आले?

कॉलचा डेल्टा ०.५१, पुटचा उणे ०.४९. गॅमा ०.०००९६, म्हणजे निफ्टी १०० पॉइंट वर गेला तर डेल्टा ०.५१ चा ०.६१ च्या जवळ जाईल. व्हेगा १३.८, म्हणजे आयव्ही बाराची तेरा झाली तर भावात १३ रुपये ८० पैसे वाढ. थीटा कॅलेंडरच्या एका दिवसाला उणे ११.८.

हे बरोबर आहेत हे मला कसं कळणार? माझ्याकडे तर तुलनेला काहीच नाही.

एटीएमसाठी कागद-पेन्सिल पुरते, आणि मी आजही कोडवर विश्वास ठेवायच्या आधी हे करतो. कॉल आणि पुटची सरासरी घ्या, इथे १६५.६ आली. तिला आयव्हीने, म्हणजे १२ ने भागा: १३.८, हा व्हेगा. तिला उरलेल्या दिवसांच्या दुपटीने, म्हणजे १४ ने भागा: ११.८, हा थीटा. ०.१६ ला तिने भागा: ०.०००९७, हा गॅमा. तिन्ही जुळले. हे काही जादू नाही, एटीएमला प्रीमियम जवळजवळ आयव्ही गुणिले वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो, त्यातनंच हे तिन्ही निघतात. फक्त एटीएमला चालतं हे, २४,००० च्या पुटला लावायला जाऊ नका.

दुसरी तपासणी जास्त पक्की आणि ती सगळ्या स्ट्राइकला चालते: आजच्या ग्रीकवरनं उद्याचा भाव सांगायचा आणि ताडून बघायचा. समजा बुधवारी साडेतीनला F २५,०७० झाला आणि आयव्ही ११.८ वर उतरली. डेल्टाचे ६० पॉइंटवर ३०.७ रुपये, गॅमाचे अर्धा गुणिले ०.०००९६ गुणिले ३,६०० म्हणजे १.७, थीटाचे उणे ११.८, व्हेगाचे ०.२ वर उणे २.८. बेरीज १७.८ ते १७.९. तर कॉल १८८.५० च्या आसपास दिसायला हवा, आणि मॉडेलमध्ये नवे आकडे टाकून परत भाव काढला तरी १८८.५० च येतो. तुमच्या शीटमध्ये ही बेरीज रोज चार-पाच रुपयांनी चुकत असेल आणि नेहमी एकाच बाजूला चुकत असेल, तर काहीतरी पद्धतशीर बिघडलंय, बहुतेक वेळा T नाहीतर F.

T किती अचूक पाहिजे? मी तर एक्सपायरी वजा आजची तारीख करतो.

सोमवारपर्यंत हे खपतं, एक्सपायरीच्या दिवशी याने गोंधळ होतो. मंगळवारी दुपारी अडीच वाजता तारखांचा फरक शून्य येतो, कोड शून्याने भागायला जातो आणि पडतो, मग लोक वैतागून शून्याच्या जागी एक दिवस टाकतात. आणि मग गंमत अशी होते की सगळं बिघडत नाही, अर्धंच बिघडतं, म्हणून चूक पटकन सापडत नाही.

अडीच वाजलेत, एक तास उरलाय, एटीएमचा भाव १७ रुपये. तासाभराचा T टाकला की आयव्ही येते १६ टक्के. एक दिवसाचा T टाकला तर वेळ २४ पट झाली, आयव्ही २४ च्या वर्गमुळाने म्हणजे ४.९ ने भागली गेली, ३.३ टक्के आली. आता डेल्टा आणि गॅमा बघा: दोन्हीकडे सारखेच! कारण डेल्टा-गॅमाला आयव्ही आणि वेळ वेगवेगळी लागतच नाही, आयव्ही गुणिले वेळेचं वर्गमूळ हा एकच आकडा लागतो, आणि तो आकडा तुम्ही भावातनं काढलाय. T चुकवला की आयव्ही उलट्या बाजूला तेवढीच चुकते आणि गुणाकार जागेवर राहतो. पण व्हेगा ४.९ पट जास्त दिसतो आणि थीटा चक्क २४ पट कमी.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, भाव आणि फॉरवर्ड नीट असतील तर डेल्टा आणि गॅमा तुम्हाला भावातनंच मिळतात, त्यांच्यावर विश्वास ठेवा. थीटा आणि व्हेगा मात्र तुम्ही कुठलं घड्याळ लावलंय त्याच्यावर आहेत, त्यांचा आकडा कोणाशी ताडायचा तर आधी घड्याळ विचारा. T मिनिटांत मोजा, संपतो साडेतीनला, रात्री बाराला नाही.

कॅलेंडर दिवस घ्यायचे की ट्रेडिंगचे? ३६५ की २५२?

दोन्ही चालतं, मिसळलेलं चालत नाही. वरच्या उदाहरणात ७ कॅलेंडर दिवस म्हणजे मध्ये सुट्टी नसेल तर ५ सेशन. कॅलेंडरने थीटा दिवसाला ११.८, सेशनने त्याच प्रीमियमला १० ने भागायचं, १६.६ येतो. दोन्ही खरे आहेत, एक शनिवार-रविवारलाही झीज वाटून देतो, दुसरा फक्त बाजार उघडा असताना. चूक कुठे होते तर T मध्ये ३६५ वापरतात आणि वार्षिक थीटाला २५२ ने भागतात, मग १७.१ येतो जो पाच दिवसांच्या घड्याळाचाही नाही आणि सात दिवसांच्याही नाही.

मी स्वतः सेशनचं घड्याळ लावतो, सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे ३७५ मिनिटं, उरलेल्या मिनिटांना २५२ आणि ३७५ च्या गुणाकाराने भागायचं. कारण कॅलेंडरने शुक्रवारी संध्याकाळी असं दिसतं की वीकेंडला तीन दिवसांचा थीटा फुकट मिळणार, आमच्यात नवीन येणारा प्रत्येक जण ते बघून शुक्रवारी तीनला विकायला बसतो, आणि सोमवारी सव्वानऊला तेवढं मिळत नाही. बाजाराला वीकेंड माहीत असतो, तो भाव शुक्रवारीच उतरवून ठेवतो. सेशनच्या घड्याळातही रात्रीच्या बातम्यांची वेळ शून्य धरली जाते, ते काही पूर्ण बरोबर नाही, पण सोमवारी सकाळची निराशा तरी कमी होते.

डीप आयटीएम कॉलची आयव्ही निघतच नाही, एरर येते. फीड खराब आहे का?

खराब नाही, शिळी आहे. २४,००० चा कॉल घ्या. F २५,०१० आहे तर त्याची निव्वळ आतली किंमतच १,००८.८० आहे, आणि फीडमध्ये एलटीपी दिसतोय १,००४. आतल्या किमतीपेक्षा कमी भाव कुठलीच व्होलॅटिलिटी देऊ शकत नाही. तो सौदा चाळीस मिनिटांपूर्वी झाला असेल, तेव्हा निफ्टी खाली होता, त्यानंतर तिथे कोणी फिरकलंच नाही.

यावर उपाय म्हणजे त्याच स्ट्राइकच्या पुटकडे जायचं. २४,००० चा पुट ६.७० ला जोरात चाललाय, त्याची आयव्ही १६ टक्के निघते, तीच आयव्ही कॉलला लावायची. पुटचा डेल्टा उणे ०.०३, म्हणून कॉलचा ०.९७. शिवाय कॉलचा खरा भाव १,०१५.५० च्या आसपास असायला हवा हेही कळलं. नियम करून टाका: F च्या खालचे स्ट्राइक पुटवरनं, वरचे कॉलवरनं, आयटीएमच्या भावाला हातच लावायचा नाही.

फीडमध्ये बिड-आस्क असेल तर मधला भाव घ्या, एलटीपी नको. फक्त एलटीपीच येत असेल तर शेवटच्या सौद्याची वेळ येते का बघा आणि अर्ध्या मिनिटापेक्षा जुना भाव टाकून द्या. वेळही येत नसेल तर व्हॉल्यूम बदलला का ते बघायचं, बदलला नाही म्हणजे सौदा झाला नाही, भाव जुनाच आहे.

आयव्हीच्या जागी इंडिया व्हिक्स टाकला तर?

नको. तो ३० दिवसांचा आणि सगळ्या स्ट्राइकचा मिळून एक आकडा आहे, तुमच्या सात दिवसांच्या २४,००० च्या पुटशी त्याचा थेट संबंध नाही. वर बघितलंच ना, एकाच एक्सपायरीत एटीएमला १२ आणि खाली १६. व्हिक्स टाकून काढलेला भाव बाजाराशी जुळणार नाही, आणि जो भावच जुळत नाही त्याचे ग्रीक घेऊन करायचं काय.

व्याजदर कुठला टाकू? रेपो, टी-बिल, की एफडीचा?

वीकलीला सोडून द्या. F पॅरिटीवरनं काढला असेल तर व्याज फक्त डिस्काउंटमध्ये उरतं, सहाच्या जागी सात टाकले तर १७० रुपयांच्या कॉलमध्ये ३ पैशांचा फरक. वर्षभर लांबच्या एक्सपायरीला मात्र विचार करून टाका, तिथे ९१ नाहीतर ३६४ दिवसांच्या टी-बिलाचा दर बरा.

माझा डेल्टा ०.५१ दाखवतो पण निफ्टी पडला की कॉल तेवढा पडत नाही आणि पुट जास्त वाढतो. असं का?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि मॉडेलची खरी मर्यादा ती हीच. ब्लॅकचा डेल्टा धरून चालतो की निफ्टी हलला तरी आयव्ही हलत नाही. आपल्याकडे निफ्टी पडला की लोक पुट घ्यायला धावतात आणि आयव्ही चढते. समजा १०० पॉइंट पडल्यावर याच स्ट्राइकची आयव्ही ०.३ ने चढली. कॉलला डेल्टाने ५१ रुपये जायला हवे होते, पण व्हेगाने १३.८ गुणिले ०.३ म्हणजे ४ रुपये परत आले, गेले ४७. पुटला ४९ मिळायचे होते, त्यात ४ ची भर पडून ५३. (गॅमा मुद्दाम बाजूला ठेवलाय, दोघांनाही त्याची सारखीच मदत होते.) म्हणजे हेजिंगसाठी कॉलचा डेल्टा ०.४७ आणि पुटचा उणे ०.५३ धरणं जास्त खरं.

हे ०.३ कुठून आणायचं? तुमच्याच साठवलेल्या फीडमधनं. रोज पाच-पाच मिनिटांनी F आणि एटीएमजवळच्या एका ठराविक स्ट्राइकची आयव्ही लिहून ठेवा, महिनाभराने F च्या बदलासमोर आयव्हीचा बदल मांडला की उतार दिसतो. तो महिन्या-महिन्याला बदलतो, बजेटच्या आठवड्यात किंवा निकालाच्या दिवशी तर भलतीकडेच जातो, म्हणून मी ही दुरुस्ती वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो, मूळ डेल्टामध्ये मिसळत नाही.

स्टॉक ऑप्शनला हेच चालेल का? आणि एमसीएक्सला?

स्टॉकला पद्धत तीच, आणि लाभांशाची डोकेदुखी पॅरिटी आपोआप सोडवते, कारण जो लाभांश एक्सपायरीआधी येणार आहे तो बाजाराने फॉरवर्डमधनं आधीच वजा केलेला असतो. अडचण लिक्विडिटीची. मोठ्या पाच-दहा नावांच्या बाहेर एटीएमचा स्प्रेडसुद्धा इतका रुंद असतो की बिडवरनं एक आयव्ही येते आणि आस्कवरनं दुसरी, तीन-चार टक्क्यांनी लांब. तिथे दोन्ही काढा आणि दोन्ही दाखवा, मधला एकच आकडा दाखवला तर खोटा आत्मविश्वास येतो. एमसीएक्सला तर काम आणखी सोपं, तिथला कमोडिटीचा ऑप्शन फ्युचरवर असतो, त्या फ्युचरचा भाव सरळ F म्हणून टाकायचा.

एक्सपायरीच्या दिवशी शेवटच्या तासात ग्रीक वापरायचे का?

डेल्टा-गॅमा बघा, व्हेगा आणि आयव्हीकडे लक्ष देऊ नका. एक तास उरला असताना एटीएमचा व्हेगा जेमतेम १ रुपया ७ पैसे असतो, म्हणजे भावात एक रुपया इकडेतिकडे झाला की आयव्ही एक टक्क्याने उडते, आणि त्या वेळी नुसत्या स्प्रेडनेही भाव तेवढा हलू शकतो. स्क्रीनवर १४, १६, १५, १७ असं नाचणारं जे दिसतं ते बाजाराचं मत नाही, नुसता स्प्रेड आहे. गॅमा मात्र खरा आहे: ०.१६ भागिले १७ म्हणजे ०.००९४, आठवड्याच्या सुरुवातीच्या जवळजवळ दहापट. निफ्टी २० पॉइंट हलला की डेल्टा ०.५० चा ०.६८ होतो. ज्याने दोन्ही बाजू विकून ठेवल्यात आणि दर पाच मिनिटांनी शीट रिफ्रेश करतोय, त्याच्यासाठी पाच मिनिटांपूर्वीचा डेल्टा हा दुसऱ्याच पोझिशनचा डेल्टा असतो. आमच्या कट्ट्यावर आम्ही अडीचनंतर रिफ्रेश दर दहा सेकंदांवर आणतो, आणि F सुद्धा प्रत्येक वेळी नव्याने काढतो, सकाळचा ठेवत नाही.